फ्लिप-फ्लॉपचा व्हायवा: परीक्षक काय विचारतात आणि नेमकं काय सांगायचं

सेकंड इयरच्या सगळ्यांसाठी हा मेसेज. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला फ्लिप-फ्लॉपची चिठ्ठी आली की बहुतेक जण चार ट्रुथ टेबलं पाठ करून जातात. ट्रुथ टेबल मात्र जर्नलमध्ये लिहिलेलंच असतं, त्यामुळे एक्स्टर्नल ते फारसं विचारत नाहीत. त्यांचा रोख असतो तो आउटपुट कधी बदलतो, का बदलतो आणि चुकीच्या वेळी का बदलतो यावर. खालचे प्रश्न साधारण ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने दिले आहेत. आधी दोन वाक्यांचं उत्तर द्यायचं. पुढचं स्पष्टीकरण त्यांनी खोदून विचारलं तरच.

लॅच आणि फ्लिप-फ्लॉपमध्ये फरक काय?

"लॅच लेव्हलवर चालतो, म्हणजे एनेबल १ असेपर्यंत इनपुट बदललं की आउटपुटही बदलतं. फ्लिप-फ्लॉप फक्त क्लॉकच्या एजला इनपुट बघतो आणि पुढच्या एजपर्यंत तेच धरून ठेवतो."

बऱ्याच पुस्तकांत नँड गेटच्या, एनेबल असलेल्या एसआर सर्किटला 'क्लॉक्ड एसआर फ्लिप-फ्लॉप' म्हटलेलं असतं. परीक्षकांनी त्यावर बोट ठेवलं तर वाद घालू नका. "सर हे लेव्हल ट्रिगर्ड आहे, म्हणून काटेकोरपणे याला गेटेड लॅच म्हणायला हवं" एवढं सांगा.

एसआरमध्ये एस आणि आर दोन्ही १ दिले तर काय होतं?

इथे नव्वद टक्के मुलं "आउटपुट अनिश्चित" म्हणून मोकळी होतात, आणि पुढच्याच प्रश्नात अडकतात. कारण परीक्षक म्हणतात, "बरं, मग मीटरवर मोजून दाखवा." मोजलं तर काहीच अनिश्चित नसतं. नँड गेटच्या क्लॉक्ड एसआरमध्ये क्लॉक १ असताना दोन्ही इनपुट १ दिले, तर क्यू आणि क्यू बार दोन्ही १ येतात, अगदी ठामपणे. नॉर गेटच्या साध्या लॅचमध्ये दोन्ही ० येतात.

मग ती स्थिती निषिद्ध का? कारणं दोन. एक म्हणजे क्यू आणि क्यू बार एकमेकांचे उलट राहत नाहीत. दुसरं जास्त महत्त्वाचं: या स्थितीतून दोन्ही इनपुट एकाच वेळी काढून घेतले, किंवा क्लॉक खाली गेला, की दोन्ही गेट एकदमच बदलायला बघतात. ज्या गेटचा डिले कमी तो जिंकतो. कुठला जिंकेल ते आधी सांगता येत नाही. म्हणजे अनिश्चितता आहे ती त्या स्थितीतून बाहेर पडल्यावरच्या आउटपुटची. एवढं एक वाक्य बरोबर सांगितलंत की पुढचा व्हायवा सोपा जातो.

इथेच जोडप्रश्न येतो: क्लॉक नसलेल्या साध्या नँड लॅचमध्ये निषिद्ध इनपुट ००, आणि नॉरमध्ये ११ असं का? नँडच्या एका इनपुटला ० दिला की दुसरं काहीही असो, आउटपुट १ येतो. म्हणून नँड लॅचला ० हा हुकूम आहे आणि दोन्हीकडे हुकूम दिला की भांडण. नॉरमध्ये तेच काम १ करतो.

रेस अराउंड कंडिशन म्हणजे काय?

हा प्रश्न चुकवू नका, कारण तो हमखास येतो.

"लेव्हल ट्रिगर्ड जेके मध्ये जे आणि के दोन्ही १ असताना, क्लॉक १ असेपर्यंत आउटपुट पुन्हा पुन्हा टॉगल होत राहतो. क्लॉकची १ ची रुंदी ही सर्किटच्या प्रॉपगेशन डिलेपेक्षा जास्त असली की असं होतं."

परीक्षक बहुधा आकडे मागतात, म्हणून एक उदाहरण तयार ठेवा. समजा गेटांमधून फिरून आउटपुट बदलायला २० नॅनोसेकंद लागतात. फंक्शन जनरेटरवर १ किलोहर्ट्झचा, ५० टक्के ड्यूटी सायकलचा क्लॉक लावला. क्लॉक १ राहण्याचा वेळ ५०० मायक्रोसेकंद. ५०० मायक्रोसेकंद भागिले २० नॅनोसेकंद म्हणजे एका क्लॉकमध्ये सुमारे २५,००० वेळा टॉगल. क्लॉक खाली गेला तेव्हा क्यू ० वर थांबला की १ वर, हे कुणीच सांगू शकत नाही. सर्किटमध्ये हे ओळखायचं कसं? क्लॉक १ असताना क्यू आणि क्यू बार या दोन्हींचे एलईडी अर्धवट मंद पेटलेले दिसू शकतात आणि सीआरओवर तेवढ्या भागात स्वच्छ सरळ रेषेऐवजी जाड पट्टा दिसतो.

पुढचा प्रश्न: हे एसआर किंवा डी मध्ये का होत नाही? कारण त्यांच्यात आउटपुट परत इनपुटकडे आणलेला नसतो. जेके मध्ये क्यू बार जे च्या गेटला आणि क्यू के च्या गेटला जोडलेला असतो. याचीच दुसरी बाजू म्हणून हुशार परीक्षक विचारतात, "डी लॅचचा क्यू बार डी ला जोडला तर?" तर तिथेही रेस होणारच, कारण आता आउटपुट इनपुटकडे आला आणि एनेबल उघडा आहे. नाव जेके आहे म्हणून रेस होत नाही. उघडा एनेबल आणि उलट फिरून आलेला आउटपुट एकत्र आले की रेस होते.

मग तो टाळायचा कसा?

पुस्तकात तीन उपाय असतात. क्लॉकची रुंदी डिलेपेक्षा कमी ठेवणं हा पहिला, पण वरच्या उदाहरणात त्यासाठी २० नॅनोसेकंदांहून अरुंद पल्स लागेल. शिवाय ती पल्स इतकी अरुंदही नको की गेट बदलायलाच वेळ पुरणार नाही. म्हणून हा उपाय कागदावरच राहतो. उरले मास्टर-स्लेव्ह आणि एज ट्रिगरिंग.

मास्टर-स्लेव्हमध्ये दोन लॅच एकामागे एक असतात. क्लॉक १ असताना मास्टर उघडा आणि स्लेव्ह बंद, क्लॉक ० झाला की उलट. फीडबॅक स्लेव्हच्या आउटपुटवरून येतो आणि क्लॉक १ असेपर्यंत स्लेव्ह हलत नाही, म्हणून एका पल्सला एकच टॉगल.

मास्टर-स्लेव्ह आणि एज ट्रिगर्ड एकच का?

नाही, आणि चांगले मार्क बहुतेक इथेच ठरतात. मास्टर-स्लेव्हचा आउटपुट क्लॉक खाली येताना बदलतो, म्हणून तो निगेटिव्ह एज ट्रिगर्डसारखा दिसतो. पण इनपुट तो क्लॉक १ असेपर्यंत बघतच असतो. समजा क्यू ० आहे, जे आणि के दोन्ही ० आहेत, आणि क्लॉक १ असताना जे वर क्षणभर १ चा काटा आला. मास्टर तेवढ्यात सेट झाला. जे परत ० झाला तरी मास्टर परत येत नाही, कारण क्यू ० असल्यामुळे के चं गेट बंद आहे. क्लॉक खाली आला की क्यू १ होतो, जरी त्या क्षणी जे आणि के दोन्ही ० असले तरी. खरा एज ट्रिगर्ड फ्लिप-फ्लॉप असता तर क्यू ० च राहिला असता. म्हणून मास्टर-स्लेव्हमध्ये क्लॉक १ असताना जे-के हलवायचे नाहीत.

लगेच तुमच्या ब्रेडबोर्डकडे बोट दाखवून विचारतील, "ही आयसी कुठल्या प्रकारची?" आयसीवर छापलेलं नीट वाचा. साधी `7476` ही मास्टर-स्लेव्ह आहे. `74LS76A` ही निगेटिव्ह एज ट्रिगर्ड आहे. `7474` ही डी फ्लिप-फ्लॉपची आयसी पॉझिटिव्ह एजवर चालते. पिना त्याच असल्या तरी ७६ च्या या दोन जातींचं वागणं वेगळं आहे.

एज ट्रिगर्डमध्येही आउटपुट इनपुटकडे येतो. मग तिथे रेस का होत नाही?

हा प्रश्न कमी जण विचारतात, पण उत्तर आलं तर तुम्ही विषय समजून घेतला आहे हे दिसतं. त्यासाठी सेटअप आणि होल्ड माहीत हवेत. एजच्या आधी जेवढा वेळ इनपुट स्थिर हवा तो सेटअप टाइम, एजनंतर जेवढा वेळ स्थिर हवा तो होल्ड टाइम. `74LS74A` च्या डेटाशीटमध्ये सेटअप २० नॅनोसेकंद आणि होल्ड ५ नॅनोसेकंद दिला आहे.

आता क्यू बार डी ला जोडून टॉगल करू. एज आली, आउटपुट बदलायला साधारण १० नॅनोसेकंदांहून जास्त लागतात. बदललेला क्यू बार डी पर्यंत पोहोचतो तेव्हा होल्डचे ५ नॅनोसेकंद उलटून गेलेले असतात आणि फ्लिप-फ्लॉपने इनपुटकडे बघणं थांबवलेलं असतं. पुढचा बदल पुढच्याच एजला.

याच आकड्यांवरून जास्तीत जास्त क्लॉक किती, हेही काढायला सांगतात. आउटपुट बदलायला जास्तीत जास्त ४० नॅनोसेकंद आणि त्यानंतर सेटअपचे २० मिळून ६० नॅनोसेकंद. एक भागिले ६० नॅनोसेकंद म्हणजे सुमारे १६ मेगाहर्ट्झ. हा सगळ्यात वाईट परिस्थिती धरून काढलेला सुरक्षित आकडा आहे असं सांगा. सेटअप किंवा होल्ड पाळला नाही तर आउटपुट काही काळ ० आणि १ च्या मधे अडकू शकतो, त्याला मेटास्टेबिलिटी म्हणतात. बाहेरून येणारा सिग्नल म्हणूनच दोन डी फ्लिप-फ्लॉपमधून ओळीने आत घेतात.

एसआरचा जेके करून दाखवा.

कन्व्हर्जन पाठ करू नका, पद्धत धरा. हवा असलेला फ्लिप-फ्लॉप जेके, म्हणून त्याचं ट्रुथ टेबल. हातात असलेला एसआर, म्हणून त्याचं एक्सायटेशन टेबल. दोन्ही शेजारी लिहायची:

```
J K Q | Q+ | S R
0 0 0 | 0  | 0 X
0 0 1 | 1  | X 0
0 1 0 | 0  | 0 X
0 1 1 | 0  | 0 1
1 0 0 | 1  | 1 0
1 0 1 | 1  | X 0
1 1 0 | 1  | 1 0
1 1 1 | 0  | 0 1

S = J.Q'
R = K.Q
```

के-मॅपमध्ये एस साठी आणि आर साठी प्रत्येकी दोन १ चा एक गट पडतो. दोन अँड गेट लावले की झालं. चूक होते ती घाईत `S = J`, `R = K` लिहिण्याची. जे आणि के दोन्ही १ ठेवून ताळा करा: त्या चुकीच्या उत्तरात एस आणि आर दोन्ही १ येतात, म्हणजे निषिद्ध स्थिती. बरोबर उत्तरात एस आणि आर यांचा गुणाकार नेहमी ० येतो, कारण त्यात क्यू आणि क्यू बार दोन्ही आहेत. हा ताळा तोंडी सांगितलात तर टेबल पुन्हा काढायला लावत नाहीत.

बाकीची कन्व्हर्जन तोंडी येतात. जेके चा डी: `J = D, K = D'`. जेके चा टी: `J = K = T`. हातात डी असेल तर सगळ्यात सोपं, कारण डी मध्ये जे टाकाल तेच पुढचं क्यू. म्हणून हव्या असलेल्या फ्लिप-फ्लॉपचं कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन काढायचं आणि तेच डी ला द्यायचं. जेके साठी `D = J.Q' + K'.Q`, टी साठी `D = T XOR Q`.

आता ब्रेडबोर्डवरचे प्रश्न

७६ ची आयसी असेल तर पहिला फास पॉवरच्या पिनांचा. १६ पिनांची आयसी म्हटलं की हात आपोआप १६ ला प्लस आणि ८ ला ग्राउंड लावतो. इथे प्लस ५ व्होल्ट पिन ५ ला आणि ग्राउंड पिन १३ ला आहे. पिन ८ हा दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपचा क्लिअर आणि पिन १६ हा पहिल्याचा के. पहिल्या फ्लिप-फ्लॉपसाठी क्लॉक १, प्रीसेट २, क्लिअर ३, जे ४, के १६, क्यू १५ आणि क्यू बार १४. टॉगल दाखवायचा असेल तर या क्रमाने जोडा:

१. पॉवर बंद ठेवून पिन ५ आणि १३ जोडा.
२. प्रीसेट, क्लिअर, जे आणि के चारही ५ व्होल्टला जोडा.
३. फंक्शन जनरेटरच्या टीटीएल सॉकेटमधून १ हर्ट्झ क्लॉक पिन १ ला द्या. साध्या आउटपुट सॉकेटमधून देऊ नका. तिथे सिग्नल शून्याच्या खालीही जातो आणि आयसी बिघडू शकते.
४. एलईडीचं लांब टोक ४७० ओहममधून ५ व्होल्टला, आखूड टोक क्यू बारला जोडा. क्यू १ झाला की क्यू बार ० होतो आणि एलईडी पेटतो.

एलईडी असा उलटा का लावला, हाही प्रश्न येतो. एलएस जातीचा आउटपुट १ असताना जेमतेम ०.४ मिलिअँपिअर देण्याची हमी देतो, पण ० असताना ८ मिलिअँपिअर आत घेऊ शकतो. क्यू आणि ग्राउंडमध्ये लावलेला एलईडी म्हणूनच मिणमिणता दिसतो आणि आपण उगीच आयसी बदलत बसतो. ट्रेनर किटवर एलईडीला आतून ड्रायव्हर असतो, तिथे ही काळजी नको.

प्रीसेट आणि क्लिअर मोकळे सोडले तर? टीटीएलमध्ये मोकळं इनपुट १ सारखं वागतं, म्हणून सर्किट बहुधा चालतं. जे-के जोडायचे राहिले तरी टॉगल होतो, त्याचं कारण हेच. पण त्या मोकळ्या वायरला हात लागला किंवा शेजारी नॉइज आला की क्यू मधेच सेट किंवा क्लिअर होतो. सीमॉस आयसीत तर मोकळ्या इनपुटचा काहीच भरवसा नाही. या दोन पिना ॲसिंक्रोनस आहेत, क्लॉकची वाट बघत नाहीत, आणि ७६ मध्ये ० ला काम करतात. दोन्हींना एकदम ० दिला तर क्यू आणि क्यू बार दोन्ही १ येतात. वरचीच निषिद्ध स्थिती, वेगळ्या दाराने.

क्लॉक पुश बटनावरून दिला तर एलईडी कधी बदलतो, कधी नाही. का? फ्लिप-फ्लॉप बिघडलेला नाही. बटनाचे संपर्क दाबल्यावर काही मिलिसेकंद उड्या मारतात आणि आयसीला एकाऐवजी अनेक एज मिळतात. एजांची संख्या सम असली तर क्यू जिथल्या तिथे दिसतो. खात्री करायची तर बटन काढून फंक्शन जनरेटर लावा, लगेच सुरळीत चालतं. उपाय म्हणजे दोन बाजूंचा स्विच आणि दोन नँड गेटचा लॅच, प्रत्येक इनपुटला १ किलोओहमचा पुलअप. पहिल्या स्पर्शालाच लॅच पलटतो. नंतरच्या उड्यांमध्ये दोन्ही इनपुट १ होतात आणि लॅच आहे तीच स्थिती धरून ठेवतो. लॅचचा एक प्रत्यक्ष उपयोग सांगा म्हटलं की हाच सांगा.

क्लॉक १ किलोहर्ट्झ, क्यू वर किती? ५०० हर्ट्झ, आणि ड्यूटी सायकल ५० टक्के, क्लॉकची काहीही असो, कारण क्यू फक्त एकाच बाजूच्या एजला बदलतो. पहिला क्यू दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपच्या क्लॉकला दिला की तिथे २५० हर्ट्झ, आणि दोन बिटांचा रिपल काउंटर तयार.

त्यावरचा शेवटचा प्रश्न: हाच काउंटर `7474` ने केला तर? प्रत्येक डी ला स्वतःचा क्यू बार जोडून आधी टॉगल करून घ्यायचा. पण पहिला क्यू तसाच पुढच्या क्लॉकला दिलात तर काउंटर उलटा, ०० नंतर ११, १०, ०१ असा मोजतो. ७४ पॉझिटिव्ह एजवर चालते, त्यामुळे पहिला क्यू ० वरून १ होताना दुसरा बदलतो. वर मोजण्यासाठी तो १ वरून ० होताना बदलायला हवा, म्हणून पुढच्या क्लॉकला क्यू ऐवजी क्यू बार द्या. एलईडी मात्र क्यू चाच वाचा.